फॅमिली नेमच्या खान्यात वडिलांचं नाव: एका विद्यार्थिनीचं प्रकरण

पार्श्वभूमी

परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांची कागदपत्रं तपासून देण्याचं काम मी कोथरूडमध्ये करते. हे प्रकरण त्यातल्याच एका मुलीचं आहे. तिचं नाव मी बदललं आहे, पण बदलताना एक गोष्ट तशीच ठेवली आहे: खऱ्या नावातही वडिलांचं नाव इंग्रजीत पाच अक्षरांचंच होतं. त्या पाच अक्षरांमुळेच चूक सापडली.

मुलीला आपण रेणुका म्हणू. पूर्ण नाव रेणुका अनंत कोल्हटकर. इंजिनिअरिंग झालेलं, वय बावीस, अमेरिकेतल्या एका विद्यापीठात एमएससाठी अर्ज केलेला.

बावीस वर्षांत तिने हे नाव किती वेळा लिहिलं असेल! दहावीच्या गुणपत्रिकेवर KOLHATKAR RENUKA ANANT असं आडनाव आधी. आधार कार्डावर अख्खं नाव एकाच ओळीत, तुकडे पाडायचा प्रश्नच नाही. पॅनच्या अर्जात तीन खाने, तीन शब्द, तिथेही काही अडत नाही. क्रम मागेपुढे झाला तरी तीन शब्दांना तीन जागा मिळत होत्या. तीन शब्द दोनच खान्यांत बसवायची वेळ तिच्यावर पासपोर्टच्या अर्जात पहिल्यांदा आली होती, आणि तो अर्ज एजंटने भरला होता. मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जाऊन ती ठसे आणि फोटो देऊन आली, पासपोर्ट घरी आला आणि कपाटात गेला. त्यावर Given Name(s) समोर RENUKA ANANT आणि Surname समोर KOLHATKAR असं छापलं होतं. तिने ते वाचलं होतं, पण वडिलांचं नाव कोणत्या बाजूला गेलंय याकडे लक्ष जायचं काही कारण नव्हतं.

पुढे इंग्रजीच्या परीक्षेची नोंदणी केली तेव्हा आई शेजारी पासपोर्ट उघडून बसली होती. त्या फॉर्ममध्ये पासपोर्टचा क्रमांक मागतात आणि नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका असं स्पष्ट सांगतात. तिथे नाव बरोबर पडलं.

विद्यापीठाचा अर्ज मात्र तिने एकटीने रात्री भरला. खाने दोनच: Given Name आणि Family Name. मधल्या नावाला जागाच नाही. तिने पहिल्यात Renuka टाकलं आणि दुसऱ्यात Anant Kolhatkar.

असं का केलंस, हे मी तिला नंतर विचारलं. तिचं उत्तर मला अजून आठवतं. "ताई, गिव्हन म्हणजे दिलेलं. बारशाला मला रेणुका हेच नाव दिलं ना? बाबांचं नाव मला कुणी दिलं नाही, ते बाबांचं आहे. आणि फॅमिली म्हणजे घरचे. बाबा घरचेच की."

या तर्कात मराठीच्या अंगाने काहीच चूक नाही. आपल्याकडे मधलं नाव हे मुलाचं दुसरं नाव नसतंच, ते बापाचं नाव असतं. लग्नानंतर अनेक बायकांचं मधलं नाव बदलतं तेही याचमुळे, ते नाव नात्याचं असतं. दोन खान्यांच्या फॉर्मला हे नातं माहीतच नाही. त्याला एवढंच विचारायचं असतं, की घराण्यातून आलेलं, पिढ्यानपिढ्या तेच राहणारं नाव कोणतं, आणि ते सोडून उरलेलं काय. "उरलेलं" हाच गिव्हन नेमचा खरा अर्थ आहे. आपल्या पासपोर्टच्या अर्जातही त्या खान्याशेजारी तशी टीप असते, की गिव्हन नेम म्हणजे पहिलं नाव आणि असल्यास त्यापुढे मधलं नाव. एजंटने ती वाचली होती, रेणुकाने ती कधी पाहिलीच नव्हती.

अडचण

पहिली खूण डिसेंबरात मिळाली होती. परीक्षेचे गुण विद्यापीठाला पाठवून तीन आठवडे झाले, तरी अर्जाच्या पानावर ते मिळालेच नाहीत असं दिसत होतं. तिने मेल केली, तिथल्या कुणी तरी गुण शोधून हाताने अर्जाला जोडले, आणि विषय मिटला. गुण आपोआप का जोडले गेले नाहीत हे तिने विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. परीक्षेच्या नोंदीत आडनाव KOLHATKAR आणि अर्जात ANANT KOLHATKAR, अशा दोन नोंदी एकमेकींना ओळखत नव्हत्या. तेव्हा माझ्याकडे कुणी आलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

एप्रिलमध्ये प्रवेश मिळाला आणि आय-२० आला. विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ जो कागद देतं, तो हा. रेणुकाने त्यावरची जन्मतारीख, अभ्यासक्रम, रक्कम, सुरुवातीची तारीख, सगळं तपासलं. नावावरून नजर फिरवली, तिन्ही शब्द होते, स्पेलिंग बरोबर होतं. पण तिथे लिहिलं होतं SURNAME/PRIMARY NAME: ANANT KOLHATKAR. त्याच नावाने तिने सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारच्या यंत्रणेची, ३५० डॉलर फी भरली. मग व्हिसाचा अर्ज, म्हणजे डीएस-१६०, भरायला घेतला, आणि समोर आय-२० ठेवून त्यातही तसंच टाकलं. अर्ध्यावर सोडून झोपली. मुंबईतल्या मुलाखतीची तारीख तीन आठवड्यांवर होती.

दुसऱ्या दिवशी आई आणि ती माझ्याकडे आल्या, राहिलेला डीएस-१६० पुरा करायला. अर्धवट सोडलेला अर्ज पुन्हा उघडायला त्याचा क्रमांक लागतो, आणि मग आडनावाची पहिली पाच अक्षरं, जन्मवर्ष आणि ठरवलेल्या प्रश्नाचं उत्तर. मी KOLHA टाकलं. माहिती जुळत नाही असं आलं. जन्मवर्ष पुन्हा पाहिलं, क्रमांकातला शून्य आणि ओ तपासला. पुन्हा तेच. रेणुका म्हणाली, "काल तर उघडत होतं." तेव्हा माझ्या मनात शंका आली आणि मी ANANT टाकून पाहिलं. अर्ज उघडला.

मी पासपोर्ट मागितला आणि आय-२० शेजारी ठेवला. फोटोच्या पानाच्या तळाशी दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या, यंत्राने वाचायच्या. तिच्या पासपोर्टवरची पहिली ओळ अशी होती:

```
P<INDKOLHATKAR<<RENUKA<ANANT<<<<<<<<<<<<<<<<
```

मी दोघींना ही ओळ बोट ठेवून दाखवली. P म्हणजे पासपोर्ट, IND म्हणजे भारत. त्यानंतर आडनाव. मग दोन खुणा एकत्र, <<. ही भिंत. भिंतीच्या अलीकडे आडनाव, पलीकडे बाकी सगळं. RENUKA आणि ANANT यांच्यात एकच खूण आहे, ती नुसती मोकळी जागा. जगातलं विमानतळावरचं कोणतंही यंत्र तिला याच एका भिंतीने ओळखणार होतं, आणि अनंत हे नाव भिंतीच्या पलीकडे, रेणुकाच्या बाजूला होतं. आय-२०वर ते अलीकडे आलं होतं.

कोणते पर्याय होते

आईचं पहिलं म्हणणं असं, की तिन्ही शब्द तर आहेत, फरक फक्त जागेचा, मुलाखतीत समजावून सांगता येईल. हे अगदीच अशक्य नव्हतं. व्हिसा अधिकारी भारतीय नावं रोज पाहतात. पण अधिकारी दुरुस्त आय-२० आणायला सांगून पासपोर्ट थांबवू शकला असता, आणि समजा व्हिसा मिळालाही असता, तरी गोष्ट तिथे संपत नाही. व्हिसा पासपोर्टप्रमाणे छापला जातो, अमेरिकेत शिरताना होणारी आय-९४ची नोंदही पासपोर्टप्रमाणे होते. सेव्हिसमध्ये मात्र तिचं आडनाव वेगळं राहिलं असतं. पुढे सोशल सिक्युरिटी क्रमांक किंवा गाडी चालवायचा परवाना काढताना त्या कचेऱ्या या नोंदी एकमेकींशी ताडून पाहतात, आणि नोंद जुळली नाही की अर्ज अडकतो. त्या वेळी ती पुण्यापासून बारा-तेरा हजार किलोमीटर लांब, एकटी असली असती.

दुसरा पर्याय तिने नकळत निवडलेलाच होता: डीएस-१६०ही आय-२०सारखा भरायचा, म्हणजे निदान दोन कागद जुळतील. मला हा सगळ्यात वाईट वाटला. ज्या कागदावर व्हिसा चिकटणार तो पासपोर्टच दोघांशी जुळणार नव्हता.

तिच्या काकांनी फोनवरून तिसरा पर्याय सुचवला, पासपोर्टच बदलून घ्या. यावर आम्ही जरा जास्त वेळ बोललो, कारण काकांचा आग्रह मनापासून होता आणि तात्काळमध्ये होईल असा त्यांना विश्वास होता. पण नावातल्या बदलासाठी पासपोर्ट पुन्हा काढायचा तर तो बदल कशाच्या आधारावर मागणार? आधार, पॅन, गुणपत्रिका, पदवी, कुठेही तिचं आडनाव "अनंत कोल्हटकर" नाही. आणि झालंच तसं, तर आईवडिलांचं आडनाव KOLHATKAR आणि मुलीचं ANANT KOLHATKAR. उद्या आईला मुलीकडे जायला व्हिसा काढताना नातं सिद्ध करत बसावं लागलं असतं. एक कागद चुकला म्हणून बरोबर असलेले सात कागद बदलायला काढणं मला पटेना.

चौथा पर्याय प्रतिज्ञापत्राचा. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं स्टॅम्प पेपरवर लिहून शिवाजीनगर कोर्टापाशी नोटरी करून घ्यायचं. आपल्याकडे बँकेत किंवा कॉलेजात याचा उपयोग होतो, म्हणून लोकांना तो कागद सर्वत्र चालेल असं वाटतं. पण संगणकातली नोंद नोटरीचा शिक्का वाचत नाही. मी सांगितलं, हवं तर करून ठेवा, पण त्याच्या भरवशावर मुंबईला जाऊ नका.

उरला पाचवा: चूक जिथे झाली तिथेच दुरुस्त करायची. विद्यापीठाने आय-२० बदलून द्यायचा. यात दोन भीती होत्या. तीन आठवड्यांत ते करतील का? आणि भरलेली फी वाया जाईल का? फीची भीती मी लगेच दूर केली. फी सेव्हिस क्रमांकावर जमा होते, आणि नाव दुरुस्त करून दिलेल्या आय-२०वर तो N ने सुरू होणारा क्रमांक तोच राहतो. आम्ही हाच मार्ग धरला. मुलाखतीच्या चार दिवस आधीपर्यंत नवा आय-२० आला नाही तर तारीख पुढे ढकलायची, हेही त्याच दिवशी ठरवून टाकलं. असं आधी ठरवलं नाही की शेवटच्या रात्री घरात सगळे एकमेकांवर चिडतात.

काय केलं

त्याच संध्याकाळी रेणुकाने विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला मेल लिहिली. पहिला मसुदा लांबलचक होता, त्यात मराठी नावं कशी असतात याचा इतिहास होता. तो मी काढायला लावला. समोरच्या माणसाला एकच काम करायचं असतं, त्याला ते एका नजरेत दिसलं पाहिजे. शेवटी मेलमध्ये सेव्हिस क्रमांक, जन्मतारीख, आणि नावापुरत्या चार ओळी राहिल्या:

```
Now on I-20:  Surname: ANANT KOLHATKAR
              Given name: RENUKA
As per passport: Surname: KOLHATKAR
                 Given name: RENUKA ANANT
```

सोबत पासपोर्टच्या फोटोच्या पानाचं स्कॅन, तळाच्या दोन ओळी पूर्ण दिसतील असं. मोबाइलवर फोटो काढताना नेमक्या त्याच ओळी बरेचदा कापल्या जातात, म्हणून आम्ही ते झेरॉक्सच्या दुकानात नीट करून घेतलं.

दुसरी मेल प्रवेश विभागाला. हे पाऊल बहुतेक जण विसरतात. विद्यार्थ्याची मूळ नोंद प्रवेश विभागाकडे असते आणि आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडे माहिती तिथूनच जाते. फक्त आय-२० दुरुस्त झाला आणि मूळ नोंद तशीच राहिली, तर पुढच्या वेळी माहिती पाठवली जाताना जुनं नाव परत येऊ शकतं. रेणुकाला वाटत होतं की दोन ठिकाणी लिहिलं तर त्यांना राग येईल. मी म्हणाले, दोन्ही मेलमध्ये दुसऱ्या मेलचा उल्लेख कर, म्हणजे झालं.

अर्धवट डीएस-१६० आम्ही तसाच सोडून दिला आणि नवा सुरू केला. जुन्यात आडनाव बदलता आलं असतं, तो अजून सादर केलेला नव्हता. पण दोन क्रमांक घरात फिरत राहण्यापेक्षा एक स्वच्छ अर्ज बरा वाटला, आणि जुना क्रमांक वहीतून खोडला. नव्यात Surnames मध्ये KOLHATKAR, Given Names मध्ये RENUKA ANANT. स्वतःच्या लिपीतलं पूर्ण नाव मागणारा खाना आला तेव्हा रेणुकाने "रेणुका अनंत कोल्हटकर" असं टाइप केलं. तिथे तुकडे पाडायचे नव्हते, आणि ती थोडी हसली.

निष्पत्ती

आंतरराष्ट्रीय कार्यालयाचं उत्तर पाचव्या दिवशी आलं, नव्या आय-२०सकट. सेव्हिस क्रमांक तोच. प्रवेश विभागाने मात्र दोनदा आठवण केल्यावर, जवळपास दोन आठवड्यांनी नोंद बदलली. फीच्या पावतीवर जुनं नाव होतं, ती तशीच नेली, सोबत जुना आय-२०ही ठेवायला सांगितला. मुंबईत बीकेसीला एक दिवस ठसे आणि फोटो, दुसऱ्या दिवशी मुलाखत. नावाबद्दल एक शब्दही विचारला नाही. व्हिसा मिळाला.

त्यानंतर आईचा घाबरलेला फोन आला तो तिकिटाचा. "अहो, यांनी रेणुकाअनंत असं एकच नाव छापलंय! आता विमानात घेतील ना?" तिकिटावर KOLHATKAR/RENUKAANANT MS होतं. ही चूक नव्हती. विमान कंपन्यांच्या जुन्या आरक्षण पद्धतीत आडनावानंतर एक तिरकी रेघ येते आणि पुढची नावं चिकटवून लिहिली जातात, कधी MS सुद्धा त्यालाच चिकटतं. तिरकी रेघ म्हणजे पासपोर्टमधली तीच भिंत. अक्षरं आणि बाजू बरोबर असली की मधली जागा नसणं चालतं. मी आईला म्हणाले, रेघेच्या डावीकडे फक्त कोल्हटकर आहे ना ते बघा, मग निश्चिंत राहा.

एक गोष्ट मात्र राहिली, आणि तिचं मला वाईट वाटतं. विद्यापीठाच्या यादीत तिचं पहिलं नाव Renuka Anant असं पडलं, त्यामुळे पहिले काही दिवस तिला येणाऱ्या मेल "हाय रेणुका अनंत" अशा सुरू होत होत्या, आणि प्रयोगशाळेतला एक सहकारी तिला नुसतं अनंत म्हणायचा. वडिलांच्या नावाने कुणी हाक मारली की कसंसंच व्हायचं, असं ती म्हणाली. विद्यापीठाच्या पानावर Preferred Name नावाचा वेगळा खाना असतो, तिथे नुसतं Renuka टाकल्यावर हजेरी आणि मेल बदलल्या. कायदेशीर नाव आणि हाक मारायचं नाव यांना तिथे दोन जागा आहेत, हे मी तिला जाण्याआधीच सांगायला हवं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

डिसेंबरात गुण जुळले नाहीत, तो खरा निर्णयाचा क्षण होता. तेव्हा प्रश्न "गुण मिळाले का" एवढाच विचारला गेला. "आपोआप का जुळले नाहीत" हे विचारलं असतं तर नुसत्या अर्जातलं नाव बदलून भागलं असतं, आय-२० पहिल्यांदाच बरोबर आला असता.

आता माझ्याकडे येणाऱ्या मुलांकडून मी पहिल्याच भेटीत एक काम करून घेते. पासपोर्टच्या तळाची ओळ समोर ठेवून, << च्या अलीकडचं एका ओळीत आणि पलीकडचं दुसऱ्या ओळीत, असं फोनमध्ये टाइप करून ठेवायचं. पुढे प्रत्येक दोन खान्यांच्या फॉर्ममध्ये तिथूनच चिकटवायचं, आठवणीने लिहायचं नाही. मधल्या नावाचा वेगळा खाना असेल तर दुसऱ्या ओळीतला शेवटचा शब्द तिकडे जातो, एवढाच फरक.

यात पासपोर्ट काय म्हणतो तेच धरायचं, आपल्याला काय योग्य वाटतं ते नाही. गेल्याच महिन्यात एका मुलाच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव आडनावाच्या खान्यातच छापलेलं निघालं. त्याने सगळे फॉर्म तसेच भरायचे आहेत, मराठी माणसाला ते विचित्र दिसलं तरी. दुसऱ्या एका मुलीच्या पासपोर्टवर वडिलांचं नावच नाही, गुणपत्रिकेवर मात्र आहे. तिने ते कुठेच घालायचं नाही. आणि २०२४ मध्ये राज्य सरकारने शासकीय कागदपत्रांसाठी मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम ठरवला आहे. अशी नावं लागलेल्या मुलांचे पासपोर्ट याच क्रमाने निघाले तर भिंतीच्या पलीकडे तीन शब्द येतील. यंत्राच्या ओळीत P<IND नंतर नावासाठी ३९ जागा असतात, त्यात आडनाव, खुणा आणि हे तीनही शब्द मावले पाहिजेत. लांब नावांच्या घरांत पासपोर्टचा अर्ज भरतानाच ही अक्षरं एकदा मोजून बघा, असं मी आईवडिलांना सांगते.